कंबर शहाण्णव, शेरा नॉर्मल

माझं अक्षर वाईट आहे आणि स्वभाव त्याहून वाईट, असं बेळगावात खडेबाजाराजवळच्या माझ्या दवाखान्यात येणारे जुने पेशंट तोंडावर सांगतात. मी ऐकून घेते, कारण दोन्ही खरं आहे. तीस वर्षं डॉक्टरकी करून मी एवढंच शिकले होते की कमी लिहावं, भराभर लिहावं आणि पुढच्याला आत बोलवावं. त्यामुळे चार वर्षांपूर्वी शाल्मली माझ्या हाताखाली रुजू झाली आणि साध्या खोकल्याच्या पेशंटचंही अर्धं पान भरू लागली, तेव्हा मी तिची यथेच्छ थट्टा केली. कादंबरी कधी पूर्ण होणार, असं मी तिला पेशंटसमोर विचारायची. ती हसायची आणि लिहीतच राहायची.

मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याची वार्षिक आरोग्य तपासणी बरीच वर्षं माझ्याकडे होती. तिथला छापील फॉर्म मीच बारा वर्षांपूर्वी तयार केलेला. उंची, वजन, उंचीच्या मानानं वजन सांगणारा बीएमआय, कंबर, रक्तदाब, आणि खाली दोनच चौकटी: नॉर्मल आणि अॅबनॉर्मल. बीएमआय पंचवीसच्या खाली आणि कंबर पुरुषाची एकशेदोन सेंटिमीटरच्या आत, तर नॉर्मल. हे आकडे मी एका परदेशी पुस्तकातल्या तक्त्यावरून उचलले होते. अॅबनॉर्मल निघालेल्यांचंच रक्त साखरेसाठी घ्यायचं, बाकीच्यांनी बूट घालून मशीनवर जायचं. फॉर्म सुटसुटीत असल्याचं कारखान्यातले साहेब दरवर्षी कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं.

आता जे सांगते ते सांगायला जीभ रेटत नाही. भारतीय माणसाला हे आकडे लागू नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होतं. आपल्याकडच्या माणसाच्या अंगात त्याच बीएमआयला चरबी जास्त असते, स्नायू कमी असतात, आणि ती चरबी पोटात जाऊन बसते. साखर गोऱ्या माणसापेक्षा कितीतरी कमी वजनाला चढते. म्हणून आपल्याकडे तेवीसपासून वजन जास्त धरायचं, पंचवीसपासून लठ्ठपणा, आणि कंबर पुरुषाची नव्वद, बाईची ऐंशी झाली की सावध व्हायचं. मी दवाखान्यात शिक्षिकांना, वकिलांच्या बायकांना हेच बजावायची. ऐंशीच्या आत आण, नाहीतर माझ्याकडे येऊ नकोस, अशी दमदाटीसुद्धा करायची. मच्छेला गेले की मात्र माझी टेप बदलायची. ती अंगमेहनतीची माणसं, त्यांना काय होतंय, असं मी धरून चालले होते. त्या कारखान्यात मशिनं बटणावर चालतात आणि माणसं आठ तास एका जागी उभी असतात, हे दरवर्षी माझ्या डोळ्यांसमोर होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या तपासणीत शाल्मली पहिल्यांदा माझ्याबरोबर आली. तिच्याकडे कंबर मोजायचं काम दिलं. आधीच्या वर्षांत आम्ही काय करायचो, तर माणसाला पँटचं माप विचारायचो. चौतीस म्हटलं की शहाऐंशी सेंटिमीटर लिहायचं आणि पुढे. तिने पहिल्याच माणसाला शर्ट वर घ्यायला लावला, पट्टा सैल करायला लावला, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपून त्यांच्या मधोमध टेप लावली आणि श्वास सोडल्यावर आकडा वाचला. रांग तुंबली. कारखान्याचे आनंद नावाचे अधिकारी दोनदा येऊन घड्याळ बघून गेले.

दुपारी जोतिबाची पाळी आली. नंदगडच्या बाजूचा माणूस, वय एकेचाळीस, हातपाय काटक्यांसारखे आणि पोट तेवढं पुढे आलेलं. वजन सहासष्ट किलो, उंची एकशे पासष्ट सेंटिमीटर, बीएमआय चोवीस पूर्णांक दोन. पँट चौतीसची, पोटाच्या खाली बांधलेली. टेपनं मोजली तेव्हा कंबर शहाण्णव भरली. शाल्मलीनं त्याला घरी कुणाला साखर आहे का म्हणून विचारलं, तर वडील साखरेनंच गेलेले. तिने फॉर्मच्या समासात बारीक अक्षरात काही ओळी लिहिल्या. मग तो कागद घेऊन माझ्याकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली की ह्यांचं रक्त घ्यायला हवं.

मी म्हटलं, फॉर्मप्रमाणे नॉर्मल आहे.

ती म्हणाली की फॉर्मचा आकडा आपल्या लोकांसाठी नाही. आणि वर म्हणाली, "मॅडम, आपण दवाखान्यात नव्वद धरतो ना?"

तिच्यामागे पंधरा-वीस कामगार उभे होते, आनंद दारात होते. कालची पोर मला माझ्याच फॉर्मवर चारचौघांत शिकवते आहे, एवढंच मला दिसलं. कागदावर काय लिहिलं आहे ते मी वाचलंसुद्धा नाही. तिची समासातली नोंद एका रेघेत खोडली, तिच्याच हातानं नवीन कोरा फॉर्म भरायला लावला, आणि नॉर्मलच्या चौकटीत स्वतः खूण करून सही ठोकली. शाल्मलीचे कान लाल झाले. जोतिबा मात्र खूश होऊन गेला. जाताना मला वाकून नमस्कार केला त्यानं.

गेल्या महिन्यात तो दवाखान्यात आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. बरोबर बायको होती, नीलम. बारीक अंगाची, तोंडानं कमी बोलणारी बाई. तिने त्याचा उजवा बूट काढला आणि वासानंच मला कळलं. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम, काळी पडलेली. कारखान्याच्या जाड बुटानं घासून झाली होती आणि पंधरा दिवस त्याला पत्ताच नव्हता, कारण तळपायाला काही लागलेलं समजतच नव्हतं. साखर तीनशे शहाऐंशी. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी अकराच्या वर. ही साखर महिना-दोन महिन्यांची नव्हती, पायाच्या नसा मरायला वर्षं लागतात. त्याच दिवशी त्याला सर्जनकडे पाठवलं. अंगठा गेला. पाय वाचला म्हणून सगळ्यांनी देवाचे आभार मानले.

ऑपरेशननंतर आठ दिवसांनी तो पट्टी बांधलेला पाय घेऊन परत माझ्याकडे आला, पुढच्या औषधांसाठी. फाईल करताना मी सवयीनं विचारलं की आधी कधी साखर तपासली नाहीस का रे, घरात एवढी असताना. त्यानं पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. प्लास्टिकमध्ये घालून आणलेला. खाली माझी सही.

"हिनं लई धोसरा लावलता, रगत तपासा म्हणून," तो म्हणाला. "मी म्हणलं, खुळी हैस व्हय? मोठ्या म्याडमनी सही करून दिलंय, नॉर्मल. फुडच्या दोन्ही वर्षी दुसरा डाक्टर आलता, त्येनं बी हा कागद बगून तसंच लिवलं."

नीलम खाली बघत होती. मी तो कागद प्लास्टिकमधून काढून पुन्हा वाचला. त्या दोन वर्षी मला जमलं नाही म्हणून माझ्याऐवजी गेलेल्या डॉक्टरला दोष द्यायला मला जागाच नव्हती. कागदावर नॉर्मल होतं. कुणाच्या मापानं नॉर्मल, का नॉर्मल, ते कुठे लिहिलं होतं? लिहिलं असतं, तर त्यानं वाचलं असतं आणि चुकीचा आकडा धरलाय हे त्याच्या लक्षात आलं असतं. मी त्याला फक्त निकाल दिला होता. मी जोतिबाला औषधं लिहून दिली, इन्सुलिन कसं घ्यायचं ते दाखवलं, पुढच्या गुरुवारी या म्हटलं. त्याला काही बोलले नाही. तो जाताना पुन्हा नमस्कार करायला वाकला तेव्हा मी खुर्चीतून उठून आतल्या खोलीत गेले.

जुने कच्चे कागद मी टाकत नाही, ही माझी एकच चांगली सवय. कपाटातून त्या वर्षाचा गठ्ठा काढला. खोडलेला फॉर्म त्यात होता. माझ्या रेघेखालचं शाल्मलीचं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं: 'भारतीय निकषाप्रमाणे वजन जास्त (२३ ते २४.९). कंबर ९६, मर्यादा ९०. वडिलांना मधुमेह. उपाशीपोटी साखर तपासावी. छापील फॉर्मवरचे २५ आणि १०२ हे आंतरराष्ट्रीय आकडे असून भारतीय प्रौढांमध्ये त्यांच्यामुळे धोका कमी दिसतो, म्हणून वापरलेले नाहीत.' चार ओळी. त्या वाचायला मला तेव्हा अर्धं मिनिट लागलं असतं, आणि त्या तशाच राहिल्या असत्या तर त्याच संध्याकाळी रक्त तपासायला गेलं असतं. तेव्हा साखर किती निघाली असती ते मी शपथेवर सांगू शकत नाही. पण बघितली गेली असती.

शाल्मली शेजारीच उभी होती. तिने कागद ओळखला. मी वाट बघत होते की ही आता एक शब्द तरी बोलेल, मला टोचेल. तिने फक्त खिडकी उघडली. मला ते फार लागलं.

नागेंद्र माझा धाकटा दीर, बेळगावच्या कोर्टात वकील. त्याला मी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, हा खोडलेला कागद आणखी कुणाकडे आहे का? मी नाही म्हटलं. मग तो म्हणाला की वहिनी, तुमच्या फॉर्मप्रमाणे तुम्ही चुकला नाहीत, ते आकडे पुस्तकात छापलेले आहेत. वाटलंच तर त्या माणसाला तोंडी चार शब्द सांगा, त्याची काळजी घ्या, औषधं फुकट द्या. पण कागदावर काही आणू नका. बोललेलं विरून जातं, लिहिलेलं कोर्टात येतं.

त्याचं बोलणं मला पटलं, हे कबूल करते. दोन दिवस मी त्यात आरामात होते. पुस्तकात छापलं आहे, हे वाक्य मी अंघोळ करताना, जेवताना घोळवत होते. मग बुधवारी एक शिक्षिका आल्या. बीएमआय तेवीस पूर्णांक आठ, कंबर शहाऐंशी. माझा हात आपसूक साखरेची चिठ्ठी लिहायला गेला. आणि मी थांबले. ह्या बाईंना पुस्तक का नाही लावलं मी? बायकांसाठी माझ्याच फॉर्मवर अठ्ठ्याऐंशी छापलंय, त्यानं ह्याही नॉर्मल. मला माझी लाज वाटली, अगदी तोंडावर पाणी मारावं लागेल इतकी. आकडा मला माहीत नव्हता असं नाही. कुणासाठी कोणता काढायचा हे मी ठरवत होते, आणि का ते कधी लिहीत नव्हते, कारण लिहिलं असतं तर ते वाचायला बरं दिसलं नसतं.

गुरुवारी जोतिबा आणि नीलम आले. शाल्मलीला मी बसायला सांगितलं. नवीन पान घेतलं आणि त्यांच्यासमोर लिहायला सुरुवात केली, मराठीत, जेवढं नीट अक्षर येतं तेवढ्या नीट. बीएमआय आणि कंबर भारतीय प्रौढांच्या निकषानं पाहिली आहे, तेवीस आणि नव्वद. का, ते लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेनं पंचवीस आणि तीस हे आपले आकडे बदललेले नसले, तरी आशियाई लोकांसाठी तेवीसपासूनच पावलं उचलावीत असं तिनंही सुचवलं आहे, आणि आपल्याकडच्या तज्ज्ञांनी त्याहून कडक, पंचवीसलाच लठ्ठपणा धरला आहे, हे लिहिलं. कंबर कुठे आणि कशी मोजली ते लिहिलं. हा आकडा म्हणजे रोग नव्हे, रक्त तपासायची खूण आहे, हेही लिहिलं. मग परिच्छेद सोडला आणि पुढचं लिहिलं: 'तीन वर्षांपूर्वीच्या तपासणीत हेच निकष लावायला हवे होते. सहकारी डॉक्टरांनी ते लावून साखर तपासावी असं नोंदवलं होतं. मी ती नोंद न वाचता खोडली आणि नॉर्मल असा शेरा दिला. तो शेरा चुकीचा होता.' खाली सही केली आणि तारीख घातली.

मग ते सगळं त्यांना वाचून दाखवलं. मध्येच थांबून पाणी प्यायले, पुन्हा वाचलं. खोडलेला जुना फॉर्मही त्यांच्यासमोर ठेवला आणि त्याची प्रत तुमच्याकडे राहू द्या म्हटलं. माफी मागितली. माफी मागताना एवढं कळलं की मला हवी ती गोष्ट त्यांच्याकडे नव्हतीच. अंगठा परत येणार नव्हता.

जोतिबानं पिशवीतून तो प्लास्टिकमधला कागद काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं तो चिडेल, आणि खरं सांगते, मी त्याची वाटच बघत होते. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो बायकोकडे वळला.

"तीन वरीस तुला खुळी म्हणलो गं मी," तो म्हणाला. "ह्या कागदावर."

नीलमनं त्याच्या हातावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती मला म्हणाली, "त्याच दिवशी ह्यांच्या पाळीत दोनशेच्या वर माणसं हुती, म्याडम. सगळ्यांस्नी असाच कागद दिलाय न्हवं?"

मी हो म्हटलं. ते माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही, पण मी ते दाबलं होतं. त्यांच्यासमोरच मी आनंदना फोन लावला. फॉर्म चुकीचा होता, माझी चूक होती, बीएमआय तेवीसच्या वर किंवा कंबर नव्वदच्या वर असलेल्या प्रत्येकाचं आणि ज्याच्या घरात साखर आहे अशा प्रत्येकाचं रक्त तपासावं लागेल, नुसत्या पँटच्या मापावर सोडलेल्यांची कंबर पुन्हा मोजावी लागेल, आणि हे मी लेखी पाठवते आहे, असं सांगितलं. निम्म्याहून जास्त माणसं त्यात येतील हो, असं ते म्हणाले. येतील, मी म्हटलं, कारण ती आहेतच त्यात.  मी फोन ठेवला. ह्यानंतर ते काम माझ्याकडे राहणार नाही, हे उघड होतं, आणि त्याचं मला आश्चर्यही वाटलं नाही.

जोतिबाला मी ड्रेसिंगसाठी बाहेर पाठवलं. नीलम मात्र खुर्चीतून हलली नाही. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "माझी मोजा आता."

तू तर बारीक आहेस, असं माझ्या तोंडात आलं होतं. ओठांपर्यंत आलेलं गिळून टाकलं. शाल्मलीनं टेप पुढे केली, ती मीच घेतली. पोलक्याखाली शेवटची बरगडी बोटानं शोधली, कमरेचं हाड शोधलं, मधली जागा धरली, श्वास सोड म्हटलं. पंच्याऐंशी. वजन आणि उंची घेतली, बीएमआय बावीस पूर्णांक सहा. बीएमआयनं नॉर्मल, कंबरेनं नाही.

"म्हंजी काय?" तिने विचारलं.

"म्हणजे काटा तुला बारीक म्हणतो. पण पोटातली चरबी त्याला दिसत नाही, टेपला दिसते," मी म्हटलं. "तुझं रक्त बघायचं."

तिने मान हलवली. मी चिठ्ठी लिहायला घेतली, तेव्हा तिने टेबलावर हात ठेवून मला थांबवलं.

"नुस्तं रक्त बगा असं लिवू नका, म्याडम. का बगायचं ते लिवा. मला वाचाय येतंय."

मी पान बदललं आणि लिहायला लागले. ती खुर्ची पुढे ओढून, एकेका शब्दावर बोट फिरवत, माझ्या लिहिण्याबरोबर वाचत होती.